परदेशातली खाती आणि पासपोर्टवरचे शिक्के

बोट एका शिक्क्यावर थांबतं, शेजारच्या वहीत तारीख उतरते. मग पुढचं पान.

हे इंजिनीयर चौदा वर्षं अमेरिकेत नोकरी करून 1 ऑगस्ट 2024 ला भारतात कायमचे परतले. नागरिकत्व भारताचंच, ग्रीन कार्ड घेतलेलं नाही. तिकडे दोन खाती राहिली. एक नोकरीतलं निवृत्तीचं, फोर-ओ-वन-के. दुसरं शेअरचं, ब्रोकरेज खातं. दोन्हींचं काय करायचं हे ठरवण्याआधी ते दिवस मोजतायत, आणि आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

परतलेल्या माणसाला आयकर कायदा लगेच पूर्ण निवासी धरत नाही. मधली एक पायरी आहे, आरएनओआर. या काळात परदेशात मिळालेल्या व्याजावर, लाभांशावर, नफ्यावर भारतात कर लागत नाही. मागच्या दहा आर्थिक वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, तर ही पायरी मिळते. यांना 2024-25 आणि 2025-26 ही दोन वर्षं अशीच मिळाली.

तिसऱ्या वर्षी हा निकष तुटतो. मग दुसरा लागतो: मागच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम 729 दिवसांपेक्षा जास्त नको. परतल्यापासून मार्च 2025 पर्यंत 243 दिवस, पुढचं पूर्ण वर्ष 365. झाले 608. उरले 121. एप्रिल 2019 पासून परतेपर्यंत सुट्टीवर आले ते सगळे दिवस या 121 मध्ये बसायला हवेत. म्हणून हे शिक्के. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरला, तरी वहीत बेरीज येते 106. तिसरं वर्ष मिळालं. एखादी सुट्टी तीन आठवडे लांबली असती, तर ते हातचं गेलं असतं.

आता स्क्रीनवर ब्रोकरेज खातं. दहा वर्षांपूर्वी घेतलेले शेअर, शेजारी हिरव्या आकड्यात नफा. अनिवासी परदेशी माणसाच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर अमेरिका सहसा कर घेत नाही. त्यासाठी आपण अनिवासी परदेशी आहोत हे सांगणारा W-8BEN हा फॉर्म ब्रोकरकडे भरलेला हवा. आणि आरएनओआर असेपर्यंत भारतही घेत नाही, मात्र पैसे आधी परदेशातल्याच खात्यात जमा झाले पाहिजेत. यांनी शेअर विकले आणि त्यातले ठेवायचे होते ते पुन्हा विकत घेतले. त्यांची खरेदी किंमत आता आजच्या भावाची झाली. 31 मार्च 2027 नंतर हेच केलं असतं, तर दहा वर्षांच्या नफ्यावर भारतात कर भरावा लागला असता. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परदेशात राहताना घेतलेली अशी गुंतवणूक परतल्यावरही तिकडेच ठेवता येते. घाईघाईने सगळं भारतात आणण्याची सक्ती कुणावर नाही.

फोर-ओ-वन-के मात्र वेगळं. तेही मोकळं करावं, असा सल्ला यांना बऱ्याच जणांनी दिला. वय 48. साडेएकोणसाठच्या आत काढलं की साधारणपणे 10 टक्के जादा कर. शिवाय अनिवासी माणसाच्या एकरकमी रकमेतून सहसा 30 टक्के आधीच कापले जातात. एक लाख डॉलर काढले, तर हातात सत्तर हजार, आणि त्यातूनही दहा हजार द्यायचे. अमेरिकी रिटर्न भरल्यावर कापलेल्यातलं काही परत मिळू शकतं, पण दहा टक्क्यांचा घाव राहतोच. इतक्या वर्षांची बचत केवळ धास्तीपोटी मोडू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

धास्तीचं कारण मात्र खरं होतं. पूर्ण निवासी झाल्यावर भारत खात्यातल्या वाढीवर दरवर्षी कर मागणार आणि अमेरिका पैसे काढताना. दोन्हींत वर्षांचं अंतर, म्हणून एकीकडे भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मिळणं अवघड. 2021 च्या वित्त कायद्याने ही गाठ सोडवली. आयकर कायद्यात कलम 89अ आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश त्याखाली अधिसूचित झाले. पोर्टलवर 10-EE फॉर्म भरला, की अमेरिका कर लावेल त्याच वर्षी भारतही लावणार. रिटर्नची मुदत संपण्याआधी तो भरायचा, आणि एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. कर भरून झालेले पैसे ज्यात साठवतात त्या रॉथ या निवृत्ती खात्याला मात्र हे लागू होईल असं गृहीत धरू नका, कारण तिथे पैसे काढताना अमेरिका सहसा करच लावत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, तेव्हा कलमाचा आणि फॉर्मचा क्रमांक त्या वर्षाचा बघून घ्या.

फोनवर ओटीपी आला. अमेरिकेतला नंबर यांनी चालू ठेवलाय, नाहीतर खात्यात शिरणंच बंद. पूर्ण निवासी झाल्यापासून दोन्ही खाती रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागतील. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. आणि खातेदार गेल्यास, अमेरिकेतल्या 60 हजार डॉलरवरच्या मालमत्तेवर तिथला वारसा कर 40 टक्क्यांपर्यंत लागू शकतो.