नोहाच्या तारवात प्राणी किती?

आज एकच गोष्ट घेऊ, जलप्रलयाची. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, सहावा ते नववा अध्याय. सहाव्यात देव नोहाला सांगतो की प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी घे, आणि सातवा उघडला की लगेच शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या घे, अशुद्धांची एक. मग पाऊस चाळीस दिवस, पण पाणी जमिनीवर चढलेलं राहतं दीडशे दिवस. आता हे वाचताना मराठी बायबलमध्ये एक गंमत करून बघा, 'देव' जिथे आहे तिथे एका रंगाची पेन्सिल आणि 'परमेश्वर' जिथे आहे तिथे दुसऱ्या रंगाची, कारण मूळ हिब्रूतही तिथे एलोहिम आणि यहोवा अशी दोन वेगळी नावं आहेत. एक जोडी आणि दीडशे दिवस बहुतेक 'देव'च्या रंगात जातात, सात जोड्या आणि चाळीस दिवस 'परमेश्वर'च्या.

नावांवरून दोन धागे वेगळे करायची ही युक्ती 1753 मध्ये झां आस्त्रुक या फ्रेंच डॉक्टरने उत्पत्तीवर वापरली. पण फक्त नावांवर भरवसा ठेवू नका हं, सातव्या अध्यायाच्या सोळाव्या ओवीत दोन्ही नावं एकत्र आहेत! खरा पुरावा आशयात आहे. 'परमेश्वर'वाल्या गोष्टीत नोहा तारवातून उतरून शुद्ध प्राण्यांचा बळी देतो, आणि एकच जोडी असती तर त्या जातीच तिथे संपल्या असत्या ना, म्हणून सात. दुसऱ्या गोष्टीत बळीच नाही, कारण तिचा लेखक पुरोहित परंपरेतला, त्याच्या हिशोबात बळी सुरू होतात मोशेच्या काळात, अहरोन याजक झाल्यावर. दोन्ही आकडे आपापल्या गोष्टीत चपखल बसतात.

अशा धाग्यांवरून वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने 1878 मध्ये बायबलच्या अख्ख्या पहिल्या पाच पुस्तकांचं चित्र उभं केलं: जे, ई, डी, पी असे चार दस्तऐवज, वेगवेगळ्या काळातले, पुढे संपादकांनी जोडलेले. 'जे' म्हणजे आपला 'परमेश्वर'वाला, 'ई' म्हणजे 'देव' म्हणणारा आणखी एक, 'डी' म्हणजे अनुवाद या पुस्तकाचा, आणि पी म्हणजे आपला पुरोहित, सगळ्यात शेवटचा.

1970 च्या दशकात याला मोठे तडे गेले. ई हा वेगळा दस्तऐवज होता हे युरोपात आता फारसं कोणी मानत नाही, 'जे' हा सलग दस्तऐवज होता का यावरही वाद आहे, पण पी आणि बाकीचं ही फाळणी बहुतेकांना मान्य आहे. अमेरिका-इस्रायलमधला एक गट मात्र अजून चार दस्तऐवजांवर ठाम आहे.

आपल्या गोष्टीतच हे भांडण दिसतं. 'परमेश्वर'वाला धागा वेगळा काढून वाचा, त्यात तारू बांधायचा हुकूमच नाही! सातव्याच्या सुरुवातीला परमेश्वर एकदम म्हणतो, तारवात जा. कुठलं तारू? जुने लोक म्हणतात, हुकूम होता, संपादकाने पीचा मापांसकट असलेला ठेवला आणि हा गाळला. नवे काही म्हणतात, ही वेगळी गोष्ट नव्हतीच कधी, पीच्या गोष्टीत कोणीतरी नंतर घातलेली भर आहे. मला पहिलं जास्त पटतं, कारण नुसती भर घालणारा माणूस आधीच असलेल्या एका जोडीशी सरळ भांडणारा आकडा कशाला घालेल? पण मग बळीसाठी प्राणी हवेत म्हणूनच घातला, असं समोरचा म्हणतो, आणि ते खोडून काढणं सोपं नाही.