फीका म्हणजे नुसती कॉफी नाही! आईला लिहिलेलं पत्र वाचतोय

नमस्कार मंडळी! स्वीडनमधल्या यॉतेबोरीहून बोलतोय, म्हणजे आपण ज्याला गोथेनबर्ग म्हणतो तिथून. फीका म्हणजे कामाच्या मध्ये सगळ्यांनी एकत्र बसून घ्यायची इथली कॉफीची सुट्टी. त्यावरच्या मागच्या व्हिडिओखाली अर्ध्याअधिक कमेंट एकच: "दादा, कॉफीच पिता ना? त्याचं एवढं काय कौतुक?" सांगलीहून आईचाही तोच प्रश्न, फक्त त्यात काळजी जास्त. "दिवसातून दोनदा काम टाकून बसतोस, साहेब बोलत नाही का?" फोनवर तिला पटेना, म्हणून पत्र लिहिलं. तेच वाचतो, मध्येमध्ये थांबेन.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. सकाळी साडेनऊच्या आसपास एकदा, दुपारी अडीच-तीनला एकदा, पंधरा-वीस मिनिटं. फिल्टरची कडक कॉफी आणि सोबत काहीतरी गोड. चहा घेतला तरी चालतो. झालं.

(पत्र उघडून)

"ती. आईस सा. न. साहेब बोलत नाही, कारण तो माझ्याच टेबलावर बसून बन खात असतो. इथे कामाच्या वेळेचा १९८२ चा कायदा आहे. जेवणाची सुट्टी कामाच्या तासांत धरत नाहीत, पण मधली छोटी विश्रांती धरतात. कायद्यात फीकाचं नाव नाही, पण आमचा फीका त्या विश्रांतीतच बसतो. तेव्हा पगार कापतील ही भीती सोड."

आता मुद्द्याचं. मंडळी, कप भरून आपल्या डेस्कवर नेलात तर तो फीका नाही. ती कॉफी. आमच्याकडे नागपूरचा एक मुलगा नवीन आलाय, हुशार, कष्टाळू. रोज मशीनमधून कप भरायचा आणि स्क्रीनसमोर जाऊन बसायचा. त्याला वाटायचं, वेळ वाचवतोय. बाकीच्यांना वाटायचं, ह्याला आमच्यात बसायचं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, इथे बोलतही नाहीत. फक्त दोन आठवड्यांनी त्याला "येतोस का?" विचारणं बंद झालं.

आईला मी हे असं लिहिलंय: "आई, हळदीकुंकवाला कुणी दारातूनच वाण घेऊन परत गेलं, तर तुला कसं वाटेल? वाण मिळालं, पण ती आली कुठे?"

आणि नुसतं बसूनही भागत नाही. एक जण म्हणाला, "मी बसतो की, लॅपटॉप घेऊन." अरे बाबा, लॅपटॉप घेऊन बसलास तर ती मीटिंग! फीकाच्या खोलीत बोलणं चालतं ते मशरूम कुठे सापडले, गाडीला हिवाळी टायर कधी लावायचे, कुणाच्या पोराला दात आला, ह्याचं. कामाचं निघतंही, पण आपणहून निघालं तर. मला सहा महिने न सुटलेली एक फाइल कुणाकडे अडकली होती, ते तिथेच कळलं, टायरच्या गप्पांत.

"कॉफी आवडत नाही" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो. पाणी घ्या, रिकामा कप घ्या, पण खुर्चीत या. तिथे मोजली जाते ती खुर्ची.

(पुन्हा पत्र)

"शुक्रवारचा फीका मोठा. भिंतीवर यादी लावलेली असते, पाळी आली की खाऊ आपण आणायचा. वाढदिवस असला तरी केक ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा. इथल्या दालचिनीच्या बनात वेलची असते, तीसुद्धा भरड कुटलेली, दाताखाली येणारी. तुला आवडेल. शेवटचा तुकडा मात्र कुणी उचलत नाही. कुणीतरी त्याचा अर्धा घेतं, मग दुसरं कुणी त्या अर्ध्याचा अर्धा. संध्याकाळी ताटलीत नखाएवढा तुकडा वाळत पडलेला असतो. आणि कप आपला आपण डिशवॉशरमध्ये ठेवायचा. सिंकवर पाटी आहे: 'तुमची आई इथे कामाला नाही.'"

हो, खरंच असते! स्वीडनमधल्या कितीतरी ऑफिसांत सापडेल. आईला ती फार लागली. म्हणाली, "मग मला बोलवा, एकेकाला दाखवते."

एका ताईंनी विचारलं होतं, पाळीला आपलं काय न्यावं? शंकरपाळी हमखास संपतात. पण आधी विचारा, कुणाला ग्लुटेन चालत नाही, कुणाला दूध, कुणाला काजू-शेंगदाणे. त्या माणसासाठी वेगळं काही नसेल तर तो नुसती कॉफी घेऊन बसतो, आणि सगळ्यांनाच अवघडतं. शंकरपाळी मैद्याची, म्हणून आमच्या ग्लुटेनवाल्या सहकाऱ्यासाठी मी नारळाच्या वड्या करणार आहे. वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्यासकट, वर चिठ्ठी.

पत्राचा शेवट तेवढाच आहे: "आई, वड्यांचा पाक मागच्या वेळी पुढे गेला आणि भुगा झाला, असं तू म्हणाली होतीस. कितपत चिकट झाला की गॅस बंद करायचा, ते कळव. माझी पाळी ह्या शुक्रवारी आहे, तेव्हा पत्राची वाट न बघता फोनच कर."