7,200 ची खोली आणि चेकआउटचं बिल

अंधेरीत विमानतळाच्या अगदी जवळ एक हॉटेल आहे, असं धरू. कोल्हापूरहून लग्नासाठी मुंबईला येणाऱ्या एका जोडप्याचा हिशेब मांडून पाहू. त्यांनी तिथे शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री ऑनलाइन बुक केल्या, पैसे हॉटेलवर द्यायचे होते. वेबसाइटवर ठळक आकडा दिसला 7,200 रुपये. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पासून पुढे, कर वेगळा'.

ठळक आकडा शुक्रवारचा होता. शनिवारी तीच खोली 8,400 ला. म्हणजे भाडं 14,400 नव्हे, तर 15,600.

आता जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून एका खोलीचं एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्याहून जास्त असेल तर 18 टक्के कर लागतो. दोन रात्रींची सरासरी काढून हा दर ठरत नाही, प्रत्येक रात्र वेगळी धरली जाते. शुक्रवारचा कर 360 रुपये, शनिवारचा 1,512. भाड्यातला फरक बाराशेचा आहे, करातला जवळजवळ तितकाच. खोलीचे एकूण झाले 17,472. बहुतेकांना इथेच फसवल्यासारखं वाटतं, पण हा कर कायदेशीर आहे.

खरी शंका घ्यायची ती पुढच्या ओळीवर. रात्रीचं जेवण हॉटेलातच झालं, 2,400 रुपयांचं, आणि ते खोलीच्या बिलात आलं. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, 240. मग या 2,640 वर 18 टक्के जीएसटी. (गेल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं रात्रीचं भाडं 7,500 च्या वर गेलं असेल, तर हॉटेलच्या रेस्टॉरंटलाही 18 टक्केच लागतो.) जेवण पडलं 3,115 रुपये 20 पैशांना.

कर सरकारकडे जमा होतो. सर्व्हिस चार्ज हॉटेलकडेच राहतो, आणि नावामुळे ग्राहकाला तोही करच वाटतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं आहे की हॉटेल किंवा रेस्टॉरंटने तो बिलात आपणहून लावू नये, दुसऱ्या कुठल्या नावानेही घेऊ नये. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही भूमिका कायम ठेवली. तरीही काउंटरवर ऐकू येतं, "साहेब, सिस्टीममध्येच येतो तो."

सिस्टीममधून तो काढताही येतो. पैसे देण्याआधी बिलाची प्रत मागा, जीएसटीच्या ओळी बाजूला ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक ओळीचं कारण विचारा. सर्व्हिस चार्ज काढला की जेवणाचं बिल 2,832 वर येतं. 240 नव्हे, 283 रुपये 20 पैसे वाचतात, कारण त्यावरचा जीएसटीही जातो.

काउंटरवाले ऐकत नसतील, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बुकिंगच्या वेळचा स्क्रीनशॉट आणि हॉटेलचं छापील बिल, दोन्ही जवळ हवेत.