छत्तीसचे नऊ विभाजक

(दृश्य: काळी पाटी. खडूने लिहिलेला ३६.)

दोघांचं पटत नसलं की आपण म्हणतो, त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेत, म्हणून. भागाकारात मात्र छत्तीसचं बऱ्याच जणांशी जमतं. १, २, ३, ४, ६, ९, १२, १८ आणि ३६, अशा नऊ संख्यांनी तिला पूर्ण भाग जातो. शेजारच्या ३५ला चारच विभाजक आहेत आणि ३७ला तर दोनच.

एकेका संख्येनं भाग देऊन बघितलं की हे नऊ सापडतात. पण नऊच का, दहावा कुठे लपलेला तर नाही ना, हे त्यातून कळत नाही. ते कळायला छत्तीस आधी उकलावी लागते.

(दृश्य: ३६ = २ × २ × ३ × ३)

छत्तीसमध्ये दोन वेळा २ आहे आणि दोन वेळा ३. याशिवाय तिसरी कुठलीही मूळ संख्या नाही. त्यामुळे छत्तीसचा कुठलाही विभाजक याच सामानातून तयार व्हायला हवा. त्यात ५ असू शकत नाही, कारण छत्तीसमध्ये ५ नाहीच. ८ही चालत नाही, कारण ८ला तीन वेळा २ लागतो आणि आपल्याकडे दोनच आहेत.

आता विभाजक बनवायला घेऊ. २ किती वेळा घ्यायचा? एकदाही नाही, एकदा, किंवा दोनदा. म्हणजे १, २ किंवा ४. तीनचंही तसंच: १, ३ किंवा ९. दोनबद्दल काहीही ठरवलं, तरी तीनबद्दलचे तिन्ही पर्याय खुलेच राहतात. म्हणून तीन गुणिले तीन, नऊ.

(दृश्य: पाटीवर चौकट आखली जाते. एकेक आकडा भरला जातो.)

१   ३   ९
२   ६   १८
४   १२   ३६

खाली उतरलं की दुप्पट, उजवीकडे सरकलं की तिप्पट. एकही संख्या दोनदा आलेली नाही, आणि येणारही नाही, कारण प्रत्येक संख्येची मूळ अवयवांत फोड एकाच प्रकारे होते.

मुलांची चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. दोन वेळा २, दोन वेळा ३, म्हणून दोन गुणिले दोन, चार, असं उत्तर येतं. यात ‘एकदाही नाही’ हा पर्याय राहून गेलेला असतो. तो सोडला तर चौकटीची पहिली ओळ आणि पहिला स्तंभ पुसावा लागतो. उरतात फक्त ६, १८, १२ आणि ३६. म्हणून प्रत्येक घातांकात एक मिळवायचा आणि मगच गुणाकार करायचा. फोडही शेवटपर्यंत करायला हवी. ४ × ९ वर थांबलात, तर २, ३, ६, १२, १८ हे विभाजक हातातून निसटतात.

(दृश्य: कॅमेरा मधल्या ६वर येतो.)

या चौकटीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आता. मधल्या सहावर बोट ठेवा आणि समोरासमोरचे आकडे गुणा. १ आणि ३६. ३ आणि १२. ९ आणि ४. २ आणि १८. दर वेळी छत्तीसच! मधला ६ एकटा पडतो. त्याचा जोडीदार तो स्वतःच, सहा सक छत्तीस. म्हणून विभाजकांची संख्या विषम आली. हे फक्त वर्गसंख्यांच्याच बाबतीत घडतं.

आता छत्तीसची दुप्पट करू, ७२. एक २ वाढला, म्हणून चौकटीखाली आणखी एक ओळ येते: ८, २४, ७२. चार गुणिले तीन, बारा विभाजक. आता मधोमध कुणीच नाही, सगळ्यांच्या जोड्या लागल्या. ७२ला ५नं गुणलं की ३६०. या बाराही जणांची पाचपट करून दुसरी चौकट पहिलीवर मजल्यासारखी चढवायची. झाले चोवीस.

(दृश्य: पाटी पुसली जाते. नवा आकडा: ८६३३)

मोजणी सोपी आहे. अवघड असते ती फोड. ८६३३चे विभाजक किती? २नं भाग जात नाही, ३नं नाही, ५, ७, ११, १३नंही नाही. मूळ संख्या क्रमानं घेत गेलं, तर तेवीस वेळा बाकी उरते. चोविसावी मूळ संख्या ८९. तिनं पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो ९७, तोही मूळच.

(दृश्य: खडू दोन ओळी, दोन स्तंभ आखतो.)

१   ९७
८९   ८६३३

चार.