बारा टक्के आणि बारा टक्के

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळची वेळ. शटर वर जातायत. एका शेडमध्ये लेथवर जॉब फिरतोय, शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या.]

निवेदन:
कोल्हापूरचं उद्यमनगर. या शेडमध्ये लेथ चालतो, भिंतीपलीकडे वेल्डिंग. समजा, दोघांनीही मशीनसाठी प्रत्येकी 1,20,000 रुपये कर्ज काढलं. मुदत दोघांचीही 24 महिने. चहाच्या गाड्यावर विषय निघतो तो असा:

"रेट काय लावला ओ तुम्हाला?"
"बारा टक्के. तुम्हाला?"
"आमाला बी बाराच की."

विषय तिथंच मिटतो. पण लेथवाल्याचा हप्ता आहे 6,200 रुपये आणि वेल्डिंगवाल्याचा 5,649. महिन्याला साडेपाचशेचा फरक. दोन वर्षांत लेथवाल्याच्या खिशातून साधारण 13,200 रुपये जास्त जाणार. रेट एकच आहे. तो कशावर लावला, ते मात्र गाड्यावर कुणी विचारलं नाही.

[दृश्य: वहीचं कोरं पान. पेनानं आकडे मांडले जातायत.]

लेथवाल्याचं कर्ज फ्लॅट रेटचं. हा हिशोब तोंडी होतो. 1,20,000 चे शेकडा 12, म्हणजे वर्षाला 14,400. दोन वर्षांचे 28,800. ते मुद्दलात मिळवले की 1,48,800. भागिले 24. हप्ता 6,200. झालं.

इतका सोपा हिशोब आहे, म्हणून तो पटकन पटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे पूर्ण 1,20,000 रुपये दोन वर्षं लेथवाल्याकडेच राहिले. प्रत्यक्षात 6,200 च्या प्रत्येक हप्त्यात 5,000 मुद्दल परत जातंय आणि 1,200 व्याज. वर्ष संपलं तेव्हा निम्मं मुद्दल फिटलेलं होतं. शेवटच्या महिन्यात त्याच्याकडे उरले होते फक्त 5,000. व्याज मात्र त्या महिन्याचंही 1,200 च. पाच हजारांवर एका महिन्याचे बाराशे, म्हणजे महिन्याला शेकडा 24! असा दर तोंडावर कुणी सांगितला असता तर लेथवाला खुर्चीवरून उठून गेला असता.

[दृश्य: वेल्डिंगच्या शेडमध्ये टेबलावर हप्त्यांचा छापील तक्ता. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.]

वेल्डिंगवाल्याचं कर्ज घटत्या शिलकीवरचं. बोलीत त्याला रिड्युसिंग म्हणतात. इथं वर्षाला 12 म्हणजे महिन्याला 1 टक्का, आणि तो त्या महिन्यात बाकी असलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्याचं व्याज इथंही 1,200 च येतं. पण 5,649 च्या हप्त्यातून 4,449 मुद्दलात जमा होतात, म्हणून दुसऱ्या महिन्याचं व्याज 1,156 वर येतं. असं उतरत उतरत शेवटच्या हप्त्यात ते 56 रुपये उरतं. दोन वर्षांचं एकूण व्याज साधारण 15,570. लेथवाल्याचं 28,800.

मग लेथवाल्याचा खरा रेट किती? घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला, तर वर्षाला 21.6 टक्के. आकडा ताडून पाहायचा असेल तर मोबाईलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(24,-6200,120000)*12
```

आधी महिने, मग हप्ता, मग हातात आलेली रक्कम. हप्त्याआधीचं वजा चिन्ह विसरायचं नाही. आणि हातात आलेली रक्कम म्हणजे खरोखर हातात आलेली. प्रोसेसिंग फीचे 2,400 आधीच कापून घेतले असतील, तर 1,20,000 च्या जागी 1,17,600 लिहा. रेट पावणेचोवीसच्या घरात जातो.

खरी गंमत पुढं आहे. समजा, तिसऱ्या कुणी येऊन सांगितलं, "बारा कशाला देताय? आम्ही सातनं देतो." सात फ्लॅट. दोन वर्षांचं व्याज 16,800, हप्ता 5,700. म्हणजे हा सात टक्केवाला वेल्डिंगवाल्याच्या बारा टक्केवाल्यापेक्षा महाग पडतो. फलकावरचा लहान आकडा बघून सही करणारा माणूस इथंच फसतो.

[दृश्य: उसाच्या फडात तोडणी चालू. ट्रॉली भरतेय.]

पण फ्लॅट म्हणजे लुबाडणूकच, असंही नाही. करवीर-कागलकडचा शेतकरी पीककर्ज काढतो आणि ऊस कारखान्याला गेल्यावर बिलातून ते एकदम फेडतो. मधे हप्ता नाही, त्यामुळं मुद्दल शेवटपर्यंत पूर्ण त्याच्याकडेच. तिथं पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचं व्याज लावणं रास्तच आहे. सोनं तारण ठेवून वर्षानं एकरकमी सोडवलं, तरी तसंच. महिन्याचे हप्ते सुरू झाले की मात्र दोन्ही रेट वेगळे होतात.

[दृश्य: पुन्हा लेथची शेड. मालक फोनवर बोलतोय, कागदावर काही लिहून घेतोय.]

लेथवाल्याला हे कधी कळतं? बहुतेक वेळा कर्ज लवकर फेडायला गेल्यावर. बारा हप्ते भरले, एका मोठ्या जॉबचे पैसे आले, म्हणाला, उरलेले 60,000 टाकून मोकळं होऊ. पण कर्ज देणाऱ्याची वही आतून 21.6 टक्क्यांनी चालत असेल, तर तिथं बाकी दिसते साधारण 66,400. लवकर फेडल्याचा दंड असला तर तो वेगळा. काही ठिकाणी तर उरलेले बाराही हप्ते व्याजासकट मागतात, म्हणजे 74,400. म्हणून मुदतीआधी बंद केलं तर बाकी कशी काढणार, हे सही करायच्या आधीच लिहून घ्यावं.

[दृश्य: कर्जाच्या कागदांतलं एक पान. एका चौकटीभोवती पेनानं गोल.]

बँक किंवा फायनान्स कंपनी असेल, तर कागदांत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं एक पान शोधा. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेनं ते बंधनकारक केलंय. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, फीसकट सगळा खर्च धरून काढलेला वार्षिक दर. सहीच्या आधी दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवले की फ्लॅट-रिड्युसिंगचा घोळच राहत नाही. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथं हे पान मिळेलच असं नाही. तिथं हप्त्यांचा तक्ता मागायचा.

तक्त्याची शेवटची ओळ आधी बघा. बाराशे व्याज दिसलं, तर फ्लॅट. पण इथं एक खोच आहे. फ्लॅटचा हप्ता ठरवूनही तक्ता उतरत्या व्याजाचा छापता येतो, आणि मग शेवटच्या ओळीत व्याज शंभराच्या आसपास दिसून माणूस निर्धास्त होतो. म्हणून पहिली ओळही बघायची. 1,20,000 वर वर्षाला 12 टक्के खरे असतील, तर पहिल्या पूर्ण महिन्याचं व्याज 1,200 असतं. तिथं 2,157 छापलेले दिसले, तर बारा टक्के फक्त बोलण्यातले होते.