वरमाळेचे रंग

मंडळी, नमस्कार. लग्नाचा हंगाम आला की माळ सांगायला येणाऱ्यांचं मागणं ठरलेलं असतं. "माळ भरलेली दिसली पाहिजे, तेव्हा सगळे रंग घाला." माळ भरलेली दिसावी हे अगदी रास्त आहे. पण सगळे रंग घातले की ती हमखास भरलेली दिसत नाही. असं का होतं, आणि मग घालायचं काय, एवढंच आज बोलणार आहे. मी फुलांचं काम करते, तेव्हा जे सांगेन ते माळेच्या बेतानं सांगेन.

माळ कुठून पाहिली जाते ते आधी लक्षात घ्या. विणताना ती आपल्या हातात, डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते. त्या अंतरावरून एक लाल, एक पिवळं, एक जांभळं, एक पांढरं अशी फुलं ओवलेली माळ फार मजेदार दिसते. मंडपात मात्र ती पाहणारे वीस-तीस फुटांवर खुर्च्यांवर बसलेले असतात. तेवढ्या अंतरावर डोळा रंगांमधले बारीक फरक सोडून देतो, उजेड आणि अंधार यांतला फरक मात्र शेवटपर्यंत धरून ठेवतो. पिवळी शेवंती आणि जांभळं ऑर्किड एकाआड एक लावलीत तर दोन्ही एकमेकांत मिसळून मातकट होतात. हिरव्या पानाची आणि लाल फुलाची एकाआड एक गुंफणही दुरून तपकिरीच दिसते. फुलं ताजी असतात, पैसे पुरेपूर मोजलेले असतात, आणि माळ तरी मळलेली वाटते.

म्हणून पहिला नियम असा की रंग पट्ट्यांत घ्यावा. मुख्य रंगाचा पट्टा निदान चार बोटं रुंद हवा. अरुंद पट्टे चालतात, पण ते मुख्य रंगाच्या जवळच्या नात्यातले असावेत, म्हणजे मिसळले तरी बिघडत नाहीत. लाल आणि अबोली मिसळली तर काय होईल? केशरी लाल. त्यात वाईट काही नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. माळेला श्रीमंती येते ती गडद आणि फिकट यांच्या पायऱ्यांनी. एकाच घराण्यातले तीन-चार रंग घ्या, गडदाकडून फिकटाकडे उतरणारे: मरून गुलाब, त्यापुढे लाल गुलाब, मग अबोली, आणि शेवटी पांढऱ्याची बारीक रेघ. माळेला खोली येते, कारण गडद भाग सावलीसारखा मागे जातो आणि फिकट भाग पुढे येतो. उलट, लाल, गडद गुलाबी, जांभळा, हिरवा असे चार वेगळे पण सारख्याच काळोखाचे रंग घेतलेत, तर चार रंग असूनही माळ सपाट दिसते. याची परीक्षा फोनवर होते. अर्धा हात माळ विणून झाली की फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून पाहा. सगळं एकाच करड्या रंगाचं झालं असेल तर तिथेच थांबा, पुढे विणू नका. लाल गुलाब आणि गडद पान या फोटोत जवळजवळ सारखं दिसतं, त्याचं पहिल्यांदा सगळ्यांना नवल वाटतं.

आता एक खरा बेत तपशिलानं मांडते. लग्न सकाळचं, मुहूर्त साडेअकराच्या सुमारास, फोंड्याजवळ देवळाच्या आवारातल्या मंडपात. नवरी पिवळ्या रेशमी साडीत, साडीला लाल काठ. नवरा मोतिया रंगाच्या पोशाखात. घरच्यांनी यादी आणली होती: पिवळी शेवंती, अबोली, लाल गुलाब, जांभळं ऑर्किड, मोगरा आणि वर जरीची फीत.

आधी हे पाहायचं की कुठली माळ कोणाच्या अंगावर जाणार. नवरी जी माळ हातात धरून उभी असते ती अर्ध्या मिनिटात नवऱ्याच्या गळ्यात जाते आणि पुढचे सगळे फोटो तिथेच होतात. तेव्हा तिचा रंग मोतिया कापडावर तपासायचा, आणि नवऱ्याच्या हातातली माळ पिवळ्या साडीवर. हे बहुतेक लोक उलटं करतात. पिवळ्या साडीवर पिवळी शेवंती म्हणजे माळेच्या जागी भोकं पडल्यासारखी दिसतात, तेव्हा शेवंती गेली. मोतिया कापडावर कडेला मोगरा असेल तर माळेची कडच हरवते, म्हणून पांढरा कडेला नको, आत हवा.

मोगऱ्याची दुसरीही अडचण होती. मोगरा संध्याकाळी उमलतो. आदल्या दुपारी खुडलेली कळी रात्री उमलून जाते, आणि सकाळी अकराला तिच्या पाकळ्यांच्या कडा तांबूस पडू लागलेल्या असतात. त्यात विणणाऱ्याची बोटं लागली असतील तर अधिकच. जाईचंही तेच. सकाळच्या मुहूर्ताला पांढऱ्यासाठी निशिगंधाच्या कळ्या घेतल्या. त्या घट्ट असतात आणि दुपारपर्यंत पांढऱ्या राहतात. मोगरा हवाच असेल तर तो नवरीच्या केसांत माळा, तिथे वास कामाला येतो आणि रंगावर फारसं काही अवलंबून नसतं.

जांभळं ऑर्किडही काढलं. ते वाईट फूल नाही, पण या घराण्यात त्याचं नातं कोणाशी जुळत नव्हतं. उरले गुलाब, अबोली आणि निशिगंध. नवरीच्या आईनं विचारलं, "बाई, तीनच?" मी म्हटलं, गुलाब दोन जातींचा आहे, म्हणजे रंग चार झाले.

माळेची एकूण लांबी साठ इंच, म्हणजे पाच फूट धरली, आणि तिचे साडेसात इंचांचे आठ भाग केले. प्रत्येक भागात पाच इंच गुलाब, मग एक इंच अबोली, अर्धा इंच निशिगंधाच्या कळ्या, पुन्हा एक इंच अबोली. देठ काढून ओवलेला गुलाब सव्वा इंच जागा घेतो, म्हणजे एका भागात चार. त्यांतले मधले दोन मरून आणि कडेचे दोन लाल. त्यामुळे रंग मरूनपासून लाल, लालपासून अबोली, अबोलीपासून पांढऱ्यापर्यंत चढतो आणि तसाच परत उतरतो. आठ भागांना बत्तीस गुलाब, खालच्या गोंड्याला पाच, असे सदतीस. मी चारेक जास्तच आणते, कारण ओवताना एखाद्याची पाकळी सुटतेच.

अबोली नुसती ओवून भागत नाही. तिचा देठ बारीक नळीसारखा आणि पाकळी एका बाजूला पंख्यासारखी पसरलेली, त्यामुळे सुटं फूल माळेत लोळतं. आपल्याकडे केळीच्या दोऱ्यात जसा अबोलीचा वळेसर करतात तसा आधी घट्ट करून घ्यायचा आणि मग तो माळेभोवती गुंडाळायचा, म्हणजे सगळे पंखे बाहेर तोंड करून बसतात. रंगही घट्ट दिसतो. ढिली अबोली घेतलीत तर मधून दोरा दिसतो आणि रंग अर्धा होतो.

गोंड्याच्या मागे मरव्याच्या चार-पाच काड्या घातल्या. सगळ्या माळेत हिरवा एवढाच. याचं कारण मिशेल शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 मध्ये सविस्तर मांडून ठेवलं आहे. तो पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगकामाचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्यानं धागा तपासला, तर रंग पक्का होता. फिका दिसत होता तो शेजारच्या रंगांमुळे. शेजारचा रंग प्रत्येक रंगाला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. हिरव्याशेजारी लाल अधिक लाल दिसतो तो याच कारणानं. पण हिरवा थोडा आणि एका जागी हवा. माळभर पेरलात तर सुरुवातीला सांगितलेला मातकटपणा येतो.

जरीची फीत मी घातली नाही. तिची चमक अंग हललं की जागोजाग पांढरी ठिणगी टाकते आणि डोळा गुलाबाकडे जायच्या आधी तिच्याकडे जातो. नवरीच्या अंगावर खरं सोनं आणि साडीला खरी जर असताना ही कशाला, असं माझं मत. ज्यांना आवडते त्यांनी घालावी. रंगवलेल्या निळ्या-हिरव्या फुलांबद्दल मात्र मी हट्टानं नाही म्हणते: घामानं किंवा पाण्यानं त्यांचा रंग सुटतो आणि रेशमाला लागलेला तो डाग जात नाही.

लाल गुलाबाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. फूल जुनं होत जातं तशी पाकळीतल्या रसाची आम्लता कमी होते आणि लाल रंग निळसर होऊ लागतो. एकटा असला तर ते कळत नाही, पण अबोलीशेजारी लगेच कळतं, कारण अबोली आपला केशरीपणा सोडत नाही आणि शेजारचा गुलाब शिळ्या बिटासारखा दिसू लागतो. गुलाब घाटावरून येतात, कधी आदल्या दिवशीचे असतात. घेताना बाहेरची पाकळी अबोलीच्या फुलाला लावून पाहा. जांभळी झाक दिसली तर ते गुलाब पांढऱ्यासोबत वापरा, केशरीसोबत नको.

आता प्रश्न आला आहे संध्याकाळच्या स्वागत-समारंभाचा. तिथे हा बेत जसाच्या तसा चालणार नाही. पिवळसर दिव्यांत मरून काळा पडतो, म्हणून गडद भागासाठी साधा लाल घ्या आणि फिकट भाग वाढवा. अबोली अशा दिव्यांत फारच खुलते. जांभळं आणि निळं मळकट होतं. मोगऱ्याच्या कळ्या मात्र संध्याकाळी हव्यातच, गळ्यात पडेपर्यंत उमलत येतात. हॉलवाल्याला एवढं विचारून घ्या की स्टेजवर निळे दिवे सोडणार आहात का. निळ्या उजेडात लाल रंग परतवायला लाल किरणच नसतो, त्यामुळे गुलाब कितीही महाग असला तरी काळा दिसतो. एका लग्नात सजावटवाल्यानं ऐन वेळी सगळं स्टेज निळं केलं आणि फोटोत दोघांच्या गळ्यात कोळशाच्या माळा आल्या. निळे दिवे टळणार नसतील तर माळ पांढऱ्या निशिगंधाची आणि फिकट गुलाबी गुलाबांची करा. पांढरा त्या उजेडात निळसर दिसेल, पण दिसेल.

पुष्पगुच्छाचं हेच गणित आहे, फक्त तिथे पानं भरपूर असतात, म्हणून हिरवा आयताच गडद भाग होतो. त्यात मरून घालू नका, पानांत बुडून जातो. पिवळा, अबोलीचा केशरी किंवा फिकट गुलाबी घ्या, आणि एका रंगाची फुलं तीन-तीनच्या झुबक्यानं एकत्र खोचा, सुटी पसरू नका.