कॅमेऱ्याचा नंबर लिहून घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

शाहूपुरीतला माझा एक मित्र लग्नांचे आणि कारखान्यांचे फोटो काढतो. 2023 मध्ये शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीवाल्यांनी त्याला दुबईच्या प्रदर्शनाला नेलं. गळ्यात दोन वर्षं वापरलेला कॅमेरा, सोबत एक मोठी लेन्स. पुसून-पासून ठेवायची त्याला भारी सवय, त्यामुळं कॅमेरा कालच खोक्यातून काढल्यासारखा दिसायचा. परतताना मुंबईत कस्टमवाल्यांनी बॅग उघडायला लावली आणि विचारलं, "हे दुबईत घेतलं काय?"

"नाही हो साहेब, कोल्हापुरात घेतलंय."

"मग बिल?"

बिल घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

त्या वेळचा हिशेब ऐका. 2016 च्या बॅगेज नियमांप्रमाणं परदेशातून आणलेल्या वस्तूंवर 50,000 रुपयांची सूट होती. वरच्या रकमेवर 35 टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, म्हणजे एकूण साडेअडतीस टक्के. कॅमेरा आणि लेन्स मिळून किंमत धरली 1,80,000. सूट वजा जाता उरले 1,30,000, आणि त्यावर शुल्क होत होतं 50,050 रुपये. स्वतःच्याच कॅमेऱ्यावर! शेवटी वहिनींनी बिलाचा फोटो मोबाईलवर पाठवला, बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळला, आणि दोन तासांनी गडी बाहेर आला. दुकानदारानं बिलावर नंबर लिहिला होता म्हणून बरं. नुसतं 'कॅमेरा, एक नग' असं असतं, तर त्या बिलानं काहीच सिद्ध झालं नसतं. सूट आणि दर बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी ताजे आकडे बघून घ्या.

आता लॅपटॉपचं सांगतो. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप या सूटीच्या बाहेर, वेगळा माफ असतो. एकच. एक कंपनीचा आणि एक स्वतःचा, असे दोन घेऊन फिरणारे आपल्याकडं बरेच आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर द्यावं लागू शकतं. कंपनीच्या लॅपटॉपचं बिल तुमच्या नावाचं नसतं, म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेलं पत्र घ्या.

कॅमेऱ्याला असली वेगळी माफी नाही. त्याच्यासाठी जाताना करायचं काम म्हणजे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. परदेशी जाण्याआधी विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याला वस्तू दाखवायची. तो मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर ताडून पाहतो आणि ही वस्तू भारतातून बाहेर चालली आहे असा दाखला देतो. परतताना तोच कागद दाखवायचा. कॅमेऱ्याचा नंबर बहुधा बॉडीच्या तळाशी असतो. लेन्सचा मात्र वेगळा असतो, माउंटजवळ किंवा नळीवर बारीक कोरलेला. तो लिहून घ्यायला लोक विसरतात, आणि कित्येकदा लेन्सच कॅमेऱ्याहून महाग असते. घरी निवांत, उजेडात, सगळे नंबर एका कागदावर उतरवून घ्या. विमानतळावर भिंग शोधत बसायची वेळ येऊ नये.

आपल्या कोल्हापूरकरांची अडचण आणखी वेगळी आहे. उजळाईवाडीहून विमान धरलं तर तो झाला देशांतर्गत प्रवास. परदेशाचं कस्टम मुंबईत किंवा पुढच्या विमानतळावर. इथंच बॅग थेट परदेशापर्यंत टाकली आणि कॅमेरा तिच्यातच राहिला, तर मुंबईत अधिकाऱ्यासमोर ठेवणार काय? वस्तू समोर नसेल तर दाखला नाही. म्हणून कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप हातातल्या बॅगेतच. सुट्या लिथियम बॅटऱ्याही तिथंच ठेवाव्या लागतात, त्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असाल, तरी मोठं सामान काउंटरवर सोपवण्याआधीच कस्टमचं टेबल कुठं आहे ते विचारा. नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा, कारण टेबलाशी अधिकारी प्रत्येक वेळी बसलेला असेलच असं नाही, बोलवावा लागतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: हा कागद फक्त भारतात परत येण्यासाठी आहे. समोरच्या देशाच्या कस्टमला त्याचं बंधन नाही. पेट्या भरभरून शूटिंगचं साहित्य नेणाऱ्या मंडळींसाठी एटीए कार्नेट नावाची वेगळी सोय आहे, ती भारतात फिक्की देते. एका कॅमेऱ्यासाठी तेवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही.

आणि तिकडं लेन्स बिघडली, दुकानानं वॉरंटीत बदलून दुसरी दिली, तर दाखल्यावरचा नंबर आता जुळणार नाही. त्या दुकानाकडून जुना नंबर आणि नवा नंबर, दोन्ही लिहिलेली पावती तिथंच मागून घ्या. माझा तो मित्र आता तसले सगळे कागद कॅमेऱ्याच्या बॅगेतच, लेन्सच्या कप्प्यामागं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. दुबईहून परतताना कामी आलेल्या त्या बिलाची छापील प्रतही त्यातच आहे.

नमस्कार.